मन उदास असताना पोट साफ होत नसेल तर कारण कसं शोधावं

साठीच्या पुढची माणसं सहसा "मला उदास वाटतंय" असं म्हणत नाहीत. "पोट साफ होत नाही, जेवण जात नाही, अंगात त्राण नाही" असं म्हणतात. मग घरचे औषधाच्या दुकानातून चूर्ण आणतात, ते चार दिवस लागू पडतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डिप्रेशनमध्ये आतडी खरोखरच मंदावतात, त्यामुळे ही तक्रार खोटी नसते. पण मंदावण्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात आणि ती सुटी केल्याशिवाय नुसत्या जुलाबाच्या औषधानं काम होत नाही. ती घरच्या घरी कशी सुटी करायची, ते एका उदाहरणानं पाहू.

नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकाजवळ राहणारे एक काका धरा. वय ६४, सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त. दिवाळीनंतर काकू गेल्या. पूर्वी ते सहाला उठायचे, चहा घेऊन चालायला जायचे आणि आल्यावर पोहे किंवा रात्रीची भाकरी दुधात कुस्करून खायचे. पोट घड्याळासारखं साफ. आता जाग लवकर येते, पण नऊपर्यंत अंथरुणातच पडून असतात. चहाबरोबर दोन टोस्ट, दुपारी अर्धी पोळी, रात्री थोडा वरणभात. जानेवारीच्या थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी जेमतेम तीन पेले. शौचाला चौथ्या दिवशी होतं, तेही खड्यासारखं आणि कुंथून. झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलीन या डिप्रेशनवरच्या औषधाची २५ मिलिग्रॅमची गोळी दिली. त्यानंतर तर पाच-पाच दिवस काहीच नाही. काका म्हणाले, "या गोळीनंच वाट लावली," आणि गोळी बंद करायला निघाले.

इथे सूनबाईंनी एक वही केली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

आठवडाभराची वही

रोजच्या पानावर चार गोष्टी लिहायच्या: सकाळी उठल्यापासून काय आणि किती खाल्लं, घराबाहेर किती वेळ चालणं झालं, कोणत्या गोळ्या किती वाजता घेतल्या आणि शौचाला झालं का, झालं तर कसं. शेवटची नोंद नीट करा. "झालं" एवढंच लिहून भागत नाही. सुटे कडक खडे, गाठी असलेलं, मऊ सलग की पातळ, हे लिहा. आत मल किती रेंगाळला, ते यावरूनच कळतं. जेवढा जास्त वेळ तो मोठ्या आतड्यात राहतो, तेवढं त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो.

मग मागच्या तारखा आठवून लिहा. मन कधीपासून लागेनासं झालं, जेवण कधी कमी झालं, पोट कधी बिघडलं, कोणती गोळी कधी सुरू झाली. काकांच्या वहीत जेवण नोव्हेंबरात घटलं होतं, पोटाची तक्रार डिसेंबरात सुरू झाली आणि अमिट्रिप्टिलीन जानेवारीत आली. म्हणजे गोळीनं दुखणं वाढवलं हे खरं, पण ते सुरू तिच्यामुळे झालं नव्हतं. गोळी बंद करून पोट नोव्हेंबरच्या आधीसारखं झालं नसतं आणि आजार मात्र उघडा पडला असता.

आधी भूक, मग हालचाल

पोटात अन्न गेलं की मोठं आतडं आवळतं आणि मल पुढे ढकलतं. ही ढकल सकाळी उठल्यानंतर आणि न्याहारीनंतर सर्वांत जोरकस असते. नऊपर्यंत पडून राहणाऱ्या आणि दोन टोस्टवर भागवणाऱ्या माणसाची ही दिवसातली सर्वांत चांगली संधी वाया जाते. शिवाय उदासीत मळमळल्यासारखं वाटतं, कळ आली तरी उठावंसं वाटत नाही. कळ दाबली की काही वेळानं ती विरते, आणि रोज दाबली की जाणवेनाशीच होते.

म्हणून "भरपूर फायबर खा" हा सल्ला इथे पहिला नाही. ज्याला अर्धी पोळी जात नाही, त्याला मोठी वाटीभर कोशिंबीर देऊन फक्त पोट फुगतं. आधी वेळ ठरवा. सात-साडेसातला उठवून बसवायचं, एक पेला कोमट पाणी आणि मग काहीतरी गरम, मऊ आणि ओळखीचं: ज्वारीच्या पिठाची आंबील, मऊ उपमा, दुधात भिजवलेली भाकरी. प्रमाण लहान असलं तरी चालेल, रोज तीच वेळ पाळणं महत्त्वाचं. खाल्ल्यावर वीस-तीस मिनिटांनी, कळ असो वा नसो, शौचाला बसायचं. पाश्चात्त्य पद्धतीचा संडास असेल तर पायाखाली छोटा पाट ठेवून गुडघे कमरेच्या वर आणायचे. दहा मिनिटांत झालं नाही तर उठायचं, कुंथत बसायचं नाही.

जेवण थोडं वाढलं की मग तंतू वाढवा: भिजवलेल्या काळ्या मनुका, पपई, पिकलेला पेरू, मेथीची किंवा पालकाची भाजी. नाशिकला हंगामात द्राक्षं घरोघर असतात, ती सालीसकट खावीत. मधुमेह असेल तर फळांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

चालण्याबद्दल अपेक्षा लहान ठेवा. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणारा माणूस आज सोसायटीच्या फाटकापर्यंत गेला तरी पुरे. काकांच्या बाबतीत मुलगा कामावर निघताना त्यांना चौकापर्यंत सोबत न्यायचा आणि काका पेपर घेऊन परत यायचे. एकट्याला "जाऊन या" म्हटलं की ते होत नाही. डिप्रेशनमध्ये सुरुवात करण्याची ताकदच आटलेली असते, त्याला आळस म्हणू नये.

सगळ्या गोळ्या एका ताटात काढा

खरी गंमत नव्हे, खरी अडचण इथे सापडते. घरातल्या सगळ्या पट्ट्या आणि बाटल्या, डॉक्टरांनी दिलेल्या आणि परस्पर आणलेल्या, एकत्र मांडा. काकांच्या ताटात अमिट्रिप्टिलीन होती, रक्तदाबाची अॅम्लोडिपिन होती, "अशक्तपणा" म्हणून आणलेली लोहाची गोळी होती, ऍसिडिटीचं पांढरं औषध होतं, पोटात मुरडा येतो म्हणून डायसायक्लोमीन आणि वरून सर्दीची गोळी.

अमिट्रिप्टिलीन आतड्याला आवळायला सांगणारा मज्जातंतूंचा निरोप अडवते. डायसायक्लोमीन तेच करते आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतली क्लोरफेनिरामीनही. तिन्ही एकत्र झाल्या की परिणाम वाढत जातो. तोंड कोरडं पडतं, जवळचं वाचताना धूसर दिसतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो आणि वयस्कर माणूस कधी कधी गोंधळल्यासारखं बोलतो. पोट साफ न होण्यासोबत ही लक्षणं दिसली तर दोष बहुधा गोळ्यांच्या मेळाचा असतो. लोह, कॅल्शियम आणि अॅल्युमिनियम असलेली ऍसिडिटीची औषधं यांनीही मल कडक होतो. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर आतडी चांगलीच मंदावतात.

डिप्रेशनची सगळी औषधं मात्र सारखी नसतात. सर्ट्रालिननं पोट बांधण्यापेक्षा सुरुवातीला पातळ होण्याचीच शक्यता जास्त. पॅरॉक्सेटिन तिच्या तुलनेत अधिक बांधते. मिर्टाझापिन भूक आणि झोप वाढवते, पण तिनं पोट जड होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांना "गोळी सोसत नाही" एवढंच सांगू नका, वही पुढे ठेवा आणि "पोटाला कमी बांधणारी दुसरी चालेल का?" असं विचारा. स्वतःहून बंद करू नका. दुष्परिणाम पहिल्या दिवसांतच दिसतात, गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे मधेच सोडणाऱ्याच्या वाट्याला फक्त त्रास येतो. एकदम सोडल्यानं चक्कर, बेचैनी, झोपमोडही होते.

त्याच भेटीत थायरॉईडची टीएसएच तपासणी झाली आहे का, ते विचारा. थायरॉईड मंदावलं तरी मन उदास, अंग जड आणि पोट बद्ध असंच चित्र दिसतं, आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

जुलाबाचं औषध निवडताना

जालीम चूर्णानं सगळं आतडं रिकामं होतं. कमी खाणाऱ्याचं ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस सहज लागतात. त्या दिवसांत काही झालं नाही की माणूस घाबरून पुन्हा चूर्ण घेतो आणि मग हे चक्र थांबत नाही. रोज झालंच पाहिजे असा नियम नाही. आठवड्यातून तीनदा, मऊ आणि न कुंथता होत असेल तर ते ठीक आहे.

इसबगोल सगळे आधी देतात, पण पाणी कमी पिणाऱ्याला आणि गोळ्यांनी मंदावलेल्या आतड्याला ते सोसतंच असं नाही. पेलाभर पाण्याशिवाय घेतलं तर ते आतच घट्ट होतं. घ्यायचंच तर एक चमचा, भरलेल्या पेल्यातून, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांच्या अंतरानं. अशा माणसाला लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर बरी पडते, कारण ही औषधं मलात पाणी धरून ठेवतात. लॅक्टुलोज १५ मिलिलीटरपासून सुरू करतात. परिणामाला एक-दोन दिवस लागतात, पहिले काही दिवस गॅस होतो. मनाच्या आजारावरचं लिथियम चालू असेल तर जुलाब होऊ देणं धोक्याचं: अंगातलं पाणी घटलं की लिथियमची रक्तातली पातळी चढते.

आणखी एक फसवी गोष्ट. बरेच दिवस काही न होता अचानक पातळ पाण्यासारखं थोडं थोडं गळू लागलं तर ते अतिसार समजून जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका. आत कडक मल अडकून त्याच्या कडेनं पाणी झिरपत असू शकतं. ते डॉक्टरांनी तपासूनच ठरवायला हवं.

शौचात रक्त, वजन उतरणं, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर सवयीत नव्यानं पडलेला फरक यांचं खापर उदासीवर फोडू नका, तपासून घ्या. लोहाच्या गोळीनं मल काळा होतो, पण गोळी चालू नसताना काळा झाला तर लगेच दाखवा. पोट फुगून वायूही सरत नसेल आणि उलट्या होत असतील तर थेट सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात. आणि घरातलं माणूस "आता जगून काय करायचं" असं बोलू लागलं तर पोटाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काकांच्या डॉक्टरांनी वही पाहिली. रक्त पुरेसं होतं म्हणून लोह बंद केलं, डायसायक्लोमीन आणि सर्दीची गोळी थांबवली, अमिट्रिप्टिलीन हळूहळू उतरवून सर्ट्रालिन दिली आणि सोबत लॅक्टुलोज. दुसऱ्या आठवड्यात दर दोन दिवसांनी मऊ होऊ लागलं. मन सावरायला त्याहून जास्त वेळ लागला. लॅक्टुलोज दोनेक महिन्यांनी निम्मं करून पुढे थांबवलं. सर्ट्रालिन मात्र बरं वाटू लागल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची आहे, हे सूनबाईंनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.