सोसायटीच्या गणपतीचं कामवाटप: ग्रुपवर मेसेज कसा टाकायचा की कामं खरंच होतील

"नमस्कार मंडळी, बाप्पाचं आगमन जवळ आलंय, तरी सर्वांनी आपापल्या परीने सहकार्य करावे ही नम्र विनंती." हा मेसेज दरवर्षी पडतो, त्याला तीस-चाळीस जण हात जोडतात आणि चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेअकराला कमिटीतली तीच ती चार माणसं स्टुलावर चढून पडद्याला पिना टोचत असतात. लोक आळशी असतात म्हणून असं होतं असं मला नाही वाटत, 'सर्वांनी' म्हणजे नक्की कोणी आणि 'सहकार्य' म्हणजे नक्की काय हे त्या मेसेजमध्ये लिहिलेलंच नसतं, मग प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी बघत असेल.

आता एक उदाहरण धरून चालू म्हणजे सगळं नीट सांगता येईल. दोन विंग, ४८ फ्लॅट, पाच दिवसांचा गणपती. २०२६ ला चतुर्थी सोमवारी १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे आपलं विसर्जन शुक्रवारी १८ ला. सत्यनारायण आणि महाप्रसाद बुधवारी १६ ला संध्याकाळी ठेवलाय. कामवाटपाचा मेसेज साधारण चार आठवडे आधी जावा, रविवारी १६ ऑगस्टला संध्याकाळी वगैरे, कारण सोमवारी सकाळी टाकलेला मेसेज ऑफिसच्या गडबडीत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो.

आधी फोन, मग मेसेज

ग्रुपवर "कोण काय घेणार सांगा" असं कधीच विचारू नका. त्यावर एकतर शांतता पसरते नाहीतर तिघं म्हणतात आम्ही डेकोरेशन घेतो आणि निर्माल्य, भांडी, विसर्जनाचा टेम्पो यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. आधी कामांची यादी काढा आणि एकेकाला फोन करा किंवा सरळ खाली बाकावर गाठा. "काका, गुरुजींचं तुमच्याकडे देऊ का, मागच्या वेळी तुम्हीच बोलला होतात त्यांच्याशी" असं समोरासमोर विचारलं की माणूस हो म्हणतो किंवा स्पष्ट नाही म्हणतो, आणि दोन्ही चालतं. न विचारता ग्रुपवर नाव टाकलं की माणूस चारचौघांत नाही म्हणत नाही पण काम पण करत नाही, आणि हे तुम्हाला कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

फोन करताना दोन गोष्टी विचारून घ्या. एक म्हणजे घरी गौरी बसतात का. ज्यांच्याकडे बसतात त्या घरांना गौरींच्या तीन दिवसांत काहीही देऊ नका, त्यांना आधीची कामं द्या, वर्गणी म्हणा, खरेदी म्हणा. दुसरं म्हणजे गावाला कधी जाणार. कोकणातले बरेच जण आठवडाभर आधीच निघतात, त्यांचं नाव विसर्जनाला लावून उपयोग काय.

तारखा मागून पुढे मोजायच्या

इथेच बहुतेक मेसेज फसतात कारण सगळ्या कामांना एकच तारीख दिलेली असते, "१२ तारखेपर्यंत सगळं तयार हवं" अशी. खरी डेडलाईन आपण ठरवत नाही, बाहेरचा माणूस ठरवतो. चतुर्थीच्या सकाळी गुरुजींना एकामागून एक घरं असतात, त्यामुळे ते देतील ती वेळ आपली, आणि ती ऑगस्टमध्येच पक्की झाली पाहिजे. शाडूची ठराविक उंचीची मूर्ती हवी असेल तर तिचंही तसंच, उशिरा गेलात तर उरलेल्यातली उचलावी लागते. सोसायटीच्या आवारात लाऊडस्पीकर लावायचा तरी पोलीस स्टेशनची परवानगी लागते, तो अर्ज शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका (आणि सरकारने सूट दिलेले ठराविक दिवस सोडले तर रात्री १० ला स्पीकर बंद, हे मुलांच्या डान्सवाल्या टीमलाही आत्ताच सांगून ठेवा). कृत्रिम तलावावर विसर्जन असेल तर आपल्या पालिकेत आधी ऑनलाईन वेळ घ्यावी लागते का तेही बघायचं.

मग बाहेरच्या माणसाची तारीख घ्या आणि आपल्या माणसाला त्याच्या दोन दिवस आधीची द्या. केटररला आकडा रविवारी १३ ला हवाय, तर ग्रुपवर शुक्रवार ११, रात्री ९ लिहा. वेळ लिहाच. नुसतं "शुक्रवारपर्यंत" लिहिलं की अर्ध्यांना वाटतं शुक्रवार धरून आणि अर्धे शनिवारी सकाळी चहा पिताना कळवतात.

मेसेजचा नमुना

*गणपती २०२६ – कामं आणि तारखा*
(प्रत्येकाशी बोलून नावं टाकली आहेत. आपल्या कामापुढचा नंबर लिहून "१ हो", "२ हो" असं मंगळवार १८ ऑगस्ट रात्री ९ पर्यंत कळवा.)

१. *मूर्ती* – शिंदे (ए-४०२). बुकिंग आणि ॲडव्हान्स: शनि. २२ ऑगस्ट. पावतीचा फोटो ग्रुपवर. आणायची: रवि. १३ सप्टें. संध्या. ६.
२. *गुरुजी* – जोशी काका (बी-१०१). दोन्ही पूजांची वेळ पक्की आणि सामानाची यादी: रवि. २३ ऑगस्ट.
३. *वर्गणी* – ए विंग: नेहा (ए-२०३), बी विंग: साळवी (बी-५०४). शेवटची तारीख: सोम. ३१ ऑगस्ट.
४. *स्पीकर परवानगी* – पाटील (सेक्रेटरी). अर्ज: मंगळ. १ सप्टें.
५. *पूजेचं सामान* – कुलकर्णी काकू (बी-३०२). कोरडं सामान: शनि. १२ सप्टें. फुलं-दुर्वा: रवि. १३ संध्याकाळी.
६. *डेकोरेशन आणि लाईट* – रोहन (ए-६०१) आणि त्याची टीम. पूर्ण: रवि. १३ सप्टें. दुपारी ४. लाईट लावून व्हिडिओ टाकायचा.
७. *महाप्रसाद, बुध. १६* – फर्नांडिस (बी-२०२). माणसांचा आकडा: शुक्र. ११ सप्टें. रात्री ९.
८. *विसर्जन, शुक्र. १८* – गायकवाड (ए-१०३). टेम्पो आणि तलावाची वेळ पक्की: शनि. ५ सप्टें. निर्माल्य वेगळं: यश (बी-४०१).
९. *हिशोब* – नेहा आणि साळवी. रवि. २७ सप्टें. ग्रुपवर.

काही अडलं तर त्या कामाच्या माणसाला थेट फोन करा, ग्रुपवर नको.

एवढंच. वर बाप्पाचा फोटो, श्लोक, पाच ओळींची प्रस्तावना काही नको, कारण लांब मेसेज व्हॉट्सॲप मध्येच कापतं आणि खाली "अधिक वाचा" येतं, ते दाबायचे कष्ट निम्मे लोक घेत नाहीत. कामाचं नाव दोन्ही बाजूंना तारा टाकून ठळक केलं की माणूस नुसतं बोट फिरवताना पण स्वतःची ओळ शोधतो. जमलं तर प्रत्येक नाव @ लावून टॅग करा, म्हणजे ग्रुप म्यूट असला तरी त्या माणसाला बहुतेक वेळा नोटिफिकेशन जातं, आणि सोसायटीचा ग्रुप म्यूट न केलेला माणूस शोधून दाखवा.

नीट बघितलं तर जवळपास प्रत्येक ओळीत काम झालं हे कशावरून समजायचं तेही आहे: पावतीचा फोटो, लाईट लावून व्हिडिओ, वेळ पक्की. "मूर्ती बघणे" असं लिहिलं तर शिंदे खरंच जाऊन मूर्ती बघून येतील. आणि एका कामाला एकच मुख्य नाव ठेवा. टीम असू दे दहा जणांची पण फोन लागेल तो एकाच माणसाला. वर्गणीला दोन नावं आहेत कारण विंग वेगळ्या आहेत, काम एकच असतं तर मी तिथेही एकच लिहिलं असतं.

मेसेज टाकला की लगेच पिन करा, ३० दिवसांचा पर्याय येतो तो निवडा, म्हणजे चतुर्थी उलटेपर्यंत वर राहील. चूक दिसली तर पहिल्या १५ मिनिटांत एडिट करता येते. त्यानंतर नाव किंवा तारीख बदलली तर खाली "गुरुजींचं आता जोशी काकांऐवजी सामंत बघतील" असं तुकड्यात टाकू नका, पूर्ण यादी "सुधारित, २५ ऑगस्ट" असं वर लिहून परत टाका, जुनीचा पिन काढा आणि नवी पिन करा. नाहीतर दोन याद्या फिरत राहतात आणि विसर्जनाच्या दिवशी दोन टेम्पो येतात नाहीतर एकही नाही.

अंगठा म्हणजे हो नाही

म्हणून तर "१ हो" मागितलंय. अंगठ्याचा अर्थ वाचलं, आवडलं, बरं बघू, यातला काहीही असू शकतो. मंगळवारी रात्री ज्यांचं उत्तर आलं नाही त्यांना बुधवारी फोन करा, ग्रुपवर नावं घेऊन विचारू नका, विशेषतः ज्येष्ठ मंडळींना. तिथे एकदा कोणी दुखावलं की गणपती बाजूला राहतो आणि पार्किंगचं जुनं भांडण वर येतं.

वर्गणीचं पण तसंच. यूपीआय करताना नोटमध्ये फ्लॅट नंबर लिहायला सांगा, नाहीतर भाड्याने राहणाऱ्या मुलाच्या वडिलांच्या नावाने पैसे येतात आणि ते कोणाचे हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते. ग्रुपवर जमा झालेल्यांचे फ्लॅट नंबर टाका, बाकी राहिलेल्यांची यादी टाकू नका, ज्याचे राहिलेत त्याला आपोआप कळतं.

महाप्रसादाचा आकडा पोलवर घेऊ नका

पोल टाकायला सोपा वाटतो पण तो मतं मोजतो, माणसं नाही. एका घरातून नवरा-बायको दोघंही "येणार" दाबतात, आणि दुसऱ्या घरातून एकच मत पडतं पण जेवायला सहा जण येतात कारण नणंद मुलांना घेऊन आलेली असते. समजा ४१ मतं पडली, यातून केटररला काय सांगणार? त्यापेक्षा हा मेसेज वेगळा टाका:

"महाप्रसाद बुध. १६ सप्टें. संध्या. ७.३०. फ्लॅट नंबर – मोठे – लहान (१० च्या आतले) असं लिहा. उदा. ए-३०४ – ४ – १. पाहुणे धरून. शुक्र. ११ रात्री ९ नंतर आकडा बंद."

मग यादी खाली कॉपी-पेस्ट होत वाढत जाते. दोघांनी एकाच वेळी टाकलं की मधलं एखादं नाव उडतं, म्हणून शुक्रवारी रात्री ४८ फ्लॅट एकदा वहीत टिक करून बघा आणि गाळलेल्यांना इंटरकॉमवर विचारा. न कळवता येणारे पण असतातच, त्यांच्यासाठी थोडा आकडा वाढवून द्या, किती ते मागच्या वर्षीच्या केटररच्या बिलावरून आणि उरलेल्या भातावरून ठरवा.

आठवण किती वेळा

ग्रुपवर रोज काउंटडाउन टाकलं की लोक वाचणं सोडतात. प्रत्येक कामाच्या तारखेच्या दोन दिवस आधी त्या एकाच माणसाला पर्सनल मेसेज, "शिंदे, शनिवारी मूर्तीचं बुकिंग आहे, ॲडव्हान्स किती लागेल तेवढं साळवींना कळवा म्हणजे ते पाठवतील", बस. त्यात नुसती आठवण नसावी, पुढचं पाऊल असावं. ग्रुपवर फक्त दर रविवारी एक ओळ: "१, २, ३ झालं. ४ चालू. ५ ते ८ वेळेत आहे."

तारीख चुकलीच तर त्या माणसाला एकच विचारा, "अजून करणार आहात की दुसऱ्याला देऊ?" बहुतेक जण दुसऱ्याला द्या म्हणतात आणि सुटल्यासारखे वाटतात. मूर्ती, गुरुजी आणि टेम्पो या तीन कामांसाठी दुसरं नाव तुमच्या डोक्यात आधीच असू द्या, बाकीची कामं ऐनवेळी निभावतात. टेम्पोला जास्त जपा, विसर्जन शुक्रवारी संध्याकाळी आहे, ऑफिसवाले ट्रॅफिकमध्ये असतील, त्यामुळे गाडीबरोबर राहणारा माणूस दुपारपासून घरी असणारा हवा.

हिशोबाची ओळ यादीत मुद्दाम शेवटी टाकलीये, ती उत्सव झाल्यावर वेगळी टाकायची नाही. जमा, खर्च, शिल्लक आणि बिलांचे फोटो २७ ला ग्रुपवर आले की पुढच्या वर्षी वर्गणी मागताना नेहाला तेवढे जिने चढावे लागत नाहीत.