जीमेल तुमचं युजरनेम ‘घेत नाही’? या चुका टाळा

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे भाचेमंडळींचे फोन सुरू होतात. प्रवेशाच्या फॉर्मवर ईमेल लागतो आणि तोवर कुणालाच स्वतःचा ईमेल लागलेला नसतो. यंदा धाकट्या भाचीचा नंबर होता.

“मामा, जीमेल माझं नाव घेतच नाहीये. सात वेळा टाकून झालं.”

“खाली लाल अक्षरांत काय आलंय?”

“ते कोण वाचतंय! नाही म्हणतंय, एवढं कळतंय.”

मोठी चूक हीच, आणि ती फक्त मुलं करत नाहीत. ‘नाही’ एकच दिसत असलं तरी त्यामागची कारणं वेगळी असतात: चालत नसलेलं चिन्ह, कमी-जास्त झालेली लांबी, दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं नाव, किंवा कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेलं नाव. प्रत्येकावर उपाय वेगळा. लाल ओळ न वाचता पुढे आकडे जोडत बसलं, तर चुकीचं चिन्ह जागच्या जागी राहतं आणि सातही प्रयत्न एकाच कारणाने फुकट जातात. भाचीचं नेमकं तेच झालं होतं. तिने `madhura_07` पासून सुरुवात केली आणि पुढच्या प्रत्येक नावात तो अंडरस्कोअर इमाने-इतबारे सांभाळला.

इन्स्टाग्रामचं नाव जीमेलला चिकटवू नका

जीमेलच्या नावात इंग्रजी अक्षरं, 0 ते 9 हे आकडे आणि डॉट एवढंच चालतं. अंडरस्कोअर नाही, हायफन नाही, अधिकचं चिन्ह नाही. इन्स्टाग्रामवर मात्र अंडरस्कोअर चालतो, त्यामुळे तिथे रुळलेलं नाव घेऊन मुलं इकडे येतात आणि अडकतात. प्रोग्रामर मंडळी आपला कोड जिथे ठेवतात त्या गिटहबची तऱ्हा आणखी निराळी: तिथे हायफन चालतो, पण दोन हायफन लागोपाठ चालत नाहीत, नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटीही नाही, आणि डॉट-अंडरस्कोअरला तर मनाईच. एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, अंडरस्कोअर चालतो, डॉट-हायफन नाही. प्रत्येक घरचा सोवळ्याचा नियम वेगळा म्हणा ना.

डॉटही जीमेलमध्ये हवा तसा टाकता येत नाही. नाव डॉटने सुरू होत नाही, संपत नाही, आणि दोन डॉट शेजारी बसत नाहीत. फोनवर हे नकळत घडतं. बऱ्याच कीबोर्डवर स्पेस दोनदा दाबली की आपोआप पूर्णविराम उमटतो, आणि सुचवलेला शब्द बोटाने निवडला की त्याच्यापाठी एक स्पेस येऊन बसते. ती स्पेस डोळ्याला दिसत नाही. नाव बरोबर दिसतं आणि तरी नाकारलं जाऊ शकतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून नाव कॉपी करून चिकटवलं तरीही असा न दिसणारा ऐवज सोबत येऊ शकतो. म्हणून रकान्यात कर्सर नावाच्या अगदी शेवटी न्या आणि मागे खोडायचं बटण एकदा दाबा. शेवटचं अक्षर गेलं तर ठीक, ते परत टाका. काहीच गेल्यासारखं वाटलं नाही, तर तिथे स्पेस होती आणि आता ती गेली.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा आहे. अक्षरं इंग्रजीत टाकली, पण आकडे टाकताना कीबोर्ड मराठीवर गेला, की 07 ऐवजी ०७ उमटतं. आपल्या दृष्टीने तो शून्य आणि सात. संगणकाच्या दृष्टीने ही पूर्ण वेगळी चिन्हं, आणि जीमेलच्या नावात ती बसत नाहीत. छोट्या पडद्यावर शून्याचा फरक तर अजिबातच कळत नाही. आकड्यांवर अडलं असेल तर कीबोर्ड बदलून ते नव्याने टाका.

लांबी मोजा, अंदाज बांधू नका

जीमेलला नाव किमान ६ आणि जास्तीत जास्त ३० अक्षरांचं लागतं. ‘मधु’, ‘अनु’, ‘साई’ ही लाडकी नावं इथेच गळतात. दुसऱ्या टोकाला आपली स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव ही पद्धत आड येते. मराठी नाव देवनागरीत आटोपशीर दिसतं, रोमन लिपीत मात्र पसरतं. ‘ज्ञानेश्वर’ म्हणजे `dnyaneshwar`, अकरा अक्षरं. वडील ‘चंद्रशेखर’, `chandrashekhar`, चौदा. आडनाव ‘देशपांडे’, `deshpande`, नऊ. एकूण चौतीस. जीमेल आणि इन्स्टाग्राम दोघेही ३० वर थांबतात. गिटहबवर मर्यादा ३९ असल्याने तिथे ते बसेल. एक्सवर मर्यादा १५, तिथे वडिलांना गाळलं तरी वीस अक्षरं होतात. एसएमएसच्या १६० अक्षरांतून नावासाठी जागा काढून ट्विट १४० अक्षरांचं ठरलं होतं, त्या काटकसरीच्या काळातली ही सेवा.

मोबाइल नंबर हेच युजरनेम ठेवण्याची युक्ती पुष्कळांना सुचते. लक्षात ठेवायला सोपं, शिवाय दुसऱ्या कुणाचं नसणार! पण आठ किंवा अधिक चिन्हांच्या नावात निदान एक इंग्रजी अक्षर हवं, असं जीमेल सांगतं, त्यामुळे नुसते दहा आकडे चालत नाहीत. बरंच आहे. प्रत्येक मेलसोबत आपला नंबर वाटत फिरायचं कशाला?

‘घेतलेलं आहे’ म्हटल्यावर डॉट हलवत बसू नका

भाचीने अंडरस्कोअर काढला आणि लाल ओळ बदलली: `That username is taken. Try another.` ती हिरमुसली. मला मात्र बरं वाटलं. आता नावाच्या ठेवणीबद्दल तक्रार उरली नव्हती, फक्त मालकीचा प्रश्न होता. निरोप बदलला म्हणजे आपण एक पायरी पुढे सरकलो.

मग तिने नावाच्या मधोमध एक डॉट घातला. तोच निरोप. डॉट दुसरीकडे नेला. तोच निरोप. जीमेल डॉट हिशेबात धरतच नाही. `m.adhura` आणि `ma.dhura` त्याच्या लेखी एकच नाव, आणि कॅपिटल-स्मॉल अक्षरांचंही तसंच. डॉट वाचायला सोपा जातो म्हणून ठेवायचा, वेगळेपणासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

इंग्रजी एलच्या जागी आकडा एक, ओच्या जागी शून्य, ही चलाखीही चालेल असं धरू नका. असलेल्या नावाशी फारच मिळतंजुळतं नाव गूगल देत नाही, कारण अशाच नावांनी लोकांची फसवणूक होते. आणि समजा मिळालं, तरी फॉर्मवर हाताने लिहिलेला तो एक पलीकडचा क्लार्क एल म्हणूनच वाचणार.

वेगळेपण आणायचं तर अर्थाने आणा. गावाचं आद्याक्षर, आईच्या नावाचं अक्षर, आडनावाचा तुकडा. जन्मसाल शक्यतो नको, ते आधीच अनेकांनी जोडून पाहिलेलं असतं.

राखीव नाव: इथे हट्ट करू नका

कधी `This username isn't allowed. Try again.` असं येतं. इथे नाव कुणाकडे नसतं, पण मिळणारही नसतं. लोकांना हे सगळ्यात अन्यायाचं वाटतं, म्हणून यामागचं कारण जरा सविस्तर सांगतो.

ईमेलच्या जगात `postmaster`, `hostmaster`, `webmaster`, `abuse` ही नावं पदांची असतात. इंटरनेटचे संकेत ठरवणाऱ्या दस्तऐवजांपैकी १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये अशा नावांची यादीच आहे. त्या पत्त्यावरून बोलणारा तो त्या संस्थेचा माणूस, असं इतर यंत्रणा धरून चालतात. वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलूप दाखवणारं प्रमाणपत्र देणाऱ्या कंपन्याही मालकीची खात्री करण्यासाठी अशा ठराविक पत्त्यांवर मेल पाठवू शकतात.

२०१५ साली फिनलंडमधल्या एका आयटी कर्मचाऱ्याने मायक्रोसॉफ्टच्या `live.fi` या मेलसेवेवर `hostmaster` हे नाव मागून पाहिलं. ते राखीव ठेवायचं राहून गेलं होतं, त्यामुळे मिळालं. त्या पत्त्याच्या जोरावर त्याला कोमोडो या कंपनीकडून थेट `live.fi` चं प्रमाणपत्रही मिळालं! म्हणजे त्या साइटचं हुबेहूब सोंग आणायचा परवानाच. मार्च २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टला जाहीर सूचना काढून ते प्रमाणपत्र अविश्वासू ठरवावं लागलं. एक नाव राखीव यादीतून निसटलं, त्याचा हा परिणाम.

राखीव नावांचं दुसरं कारण अगदी साधं आहे. गिटहब किंवा इन्स्टाग्रामवर तुमचं पान साइटच्या पत्त्यापुढे नाव लावून तयार होतं. `github.com/settings` हे सेटिंग्जचं पान आणि `instagram.com/explore` हेही त्यांचं स्वतःचं पान. उद्या कुणी `settings` नावाचा सभासद झाला, तर तो पत्ता कुणाचा? म्हणून असे शब्द सभासदांना देत नाहीत. एक्सवर तर नावात कुठेही admin हा शब्द चालत नाही. गंमत म्हणजे जीमेलवर नुसतं `admin` टाकलंत तर पाचच अक्षरं असल्यामुळे ते लांबीवरच अडतं.

तुमच्या दुकानाच्या, मंडळाच्या नावात असा शब्द असेल तर त्याच्या मागेपुढे आकडे लावत बसण्याऐवजी तो शब्दच बदला.

आणि ही चूक तर परत फिरवता येत नाही

भाचीचं नाव शेवटी बसलं: पाळण्यातलं नाव आणि गावाची तीन अक्षरं, बारा अक्षरांत, एकही चिन्ह नाही. सहा ते पंधरा अक्षरं, सुरुवात अक्षराने, मधे कसलंही चिन्ह नाही, असं नाव जीमेल, इन्स्टाग्राम, एक्स, टेलिग्राम, गिटहब सगळीकडे नियमात बसतं. मग ते रिकामं आहे की नाही, एवढंच बघायचं उरतं.

दुसऱ्या दिवशी तिचा पुन्हा फोन. “मामा, जन्मतारीख चुकीची पडली. अकाउंट डिलीट करते आणि त्याच नावाने नवीन काढते.”

“हात लावू नकोस.” डिलीट केलेल्या जीमेलचं नाव पुन्हा कुणालाही मिळत नाही, ज्याचं होतं त्यालाही नाही. नवं अकाउंट काढताना तेच नाव टाकलं, तर ‘घेतलेलं आहे’ हेच उत्तर येईल. याच कारणाने, एखाद्या पत्त्यावर पाठवलेली मेल परत आली म्हणून ते नाव मोकळं आहे असंही समजू नका. ते मिटवलेल्या अकाउंटचं असू शकतं. जन्मतारीख अकाउंटच्या वैयक्तिक माहितीत जाऊन दुरुस्त करता येते. तिने ती तिथे केली, आणि फॉर्म त्याच नावाने भरला.