दोन गाड्यांचं ॲव्हरेज तोलताना या चुका टाळा

गाडी घ्यायची ठरली की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "ॲव्हरेज किती देते?" दोन सारख्याच हॅचबॅक समोर असल्या, किंमत जवळपास, इंजिन दोघींचं १.२ लिटर पेट्रोल, की सगळा निकाल या एका आकड्यावर लागतो. आणि तो आकडा बहुतेक वेळा चुकीचा काढलेला असतो. नागपुरात गेली कित्येक वर्षं ओळखीतल्या लोकांची गाडीखरेदी मी जवळून पाहतो आहे. चुका ठरलेल्या असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका गाडीचा हायवेचा आकडा दुसऱ्या गाडीच्या शहरातल्या आकड्याशी भिडवणं. मागच्या वर्षी माझ्या मेहुण्याने हेच केलं. त्याच्या यादीत दोन गाड्या उरल्या होत्या. त्यातली एक त्याच्या मावसभावाकडे होती, दुसरी माझ्याकडे. मावसभाऊ मनीषनगरहून रोज वर्धा रोडच्या हायवेने बुटीबोरीला जातो. मी धरमपेठेतून इतवारीत जातो, म्हणजे व्हरायटी चौक, सीताबर्डी, गांधीबाग, सगळे सिग्नल आणि सगळी गर्दी. डिसेंबरात आम्ही दोघांनीही टाकी फुल करून मोजलं होतं. त्याची गाडी लिटरला १९.४ आली, माझी १२.८. मेहुणा घरी येऊन बसला आणि म्हणाला, "भाऊजी, तुमची गाडी लय पिते न. पाह्य ना, सहाचा फरक येऊन राहिला." कंपनीचे आकडे त्याला पाठ होते: मावसभावाच्या गाडीचा २२.३, माझ्या गाडीचा २०.४. दावाही तिकडेच जास्त, अनुभवही तिकडेच जास्त. त्याच्या मते विषय संपला होता, बुकिंगचे पैसे घेऊनच तो आला होता.

मी त्याला एक महिना थांबायला सांगितलं. त्याला ते आवडलं नाही. जानेवारीत मी आणि मावसभावाने गाड्या बदलल्या. रस्ता ज्याचा त्याचा, चालवणारा तोच, फक्त गाडी दुसऱ्याची. थंडीचे दिवस, त्यामुळे दोन्ही महिन्यांत एसी बंद. हवा दोन्ही गाड्यांमध्ये कंपनीने सांगितली तेवढी, थंड टायरमध्ये भरलेली.

महिनाअखेर मी त्याची गाडी इतवारीच्या रस्त्यावर ४१२ किलोमीटर चालवली होती आणि तिला ३१ लिटर पेट्रोल लागलं, म्हणजे १३.३. त्याने माझी गाडी बुटीबोरीच्या रस्त्यावर १,२०० किलोमीटर नेली, साडेचौसष्ट लिटरमध्ये, म्हणजे १८.६. आता आकडे नीट समोरासमोर ठेवता आले. शहरात १३.३ विरुद्ध १२.८, वर्धा रोडवर १९.४ विरुद्ध १८.६. दोन गाड्यांमधला खरा फरक अर्धा ते पाऊण किलोमीटर, साधारण चार टक्के. बाकीचा सगळा फरक रस्त्याचा होता. कंपनीच्या आकड्यांवरून फरक नऊ टक्के वाटत होता, तोही रस्त्यावर निम्म्याहून कमी झाला.

मेहुण्याचं बहुतेक फिरणं शहरातलं, वर्षाला १२,००० किलोमीटर. एका गाडीला साधारण ९०२ लिटर लागतील, दुसरीला ९३८. वर्षाला छत्तीस लिटर. पेट्रोल लिटरला शंभराच्या थोडं वर धरलं तरी पावणेचार हजारांच्या आत. ज्या दोन मॉडेलांत तो अडकला होता त्यांच्या किमतीत साठ हजारांचा फरक होता, आणि महाग होती ती जास्त ॲव्हरेजवाली. तो फरक पेट्रोलमधून वसूल व्हायला सोळा वर्षं लागली असती.

कंपनीचा आकडा खोटा असतो, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. तो आकडा कशातून येतो ते लोक समजून घेत नाहीत. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात, खोलीचं तापमान २० ते ३० अंशांत ठेवतात, एसी बंद असतो, आणि ठरलेल्या वेगपत्रकाप्रमाणे गाडी चालवतात. हे पत्रक सुमारे वीस मिनिटांचं, अंतर साधारण साडेदहा किलोमीटर, सरासरी वेग ताशी बत्तीसच्या आसपास, आणि सर्वात जास्त वेग ९०. त्यातल्या शहरी भागात शून्यापासून पन्नासला पोचायला २६ सेकंद दिलेले आहेत, कोणता गिअर कधी टाकायचा तेही ठरलेलं असतं. पेट्रोल किती जळलं ते टाकीतून मोजत नाहीत, धुरातल्या कार्बनवरून काढतात. व्हरायटी चौकात हिरवा दिवा लागल्यावर पन्नासला जायला २६ सेकंद कोणी घेत नाही, आणि मे महिन्यात ४५ अंशांत एसी बंद ठेवून कोणी चालवत नाही. माझ्याच गाडीची नोंद आहे: त्याच रस्त्यावर डिसेंबरात १२.८ आणि मे महिन्यात १०.९.

म्हणून दाव्याची तुलना दाव्याशीच करायची, आणि तीही फक्त कोणती गाडी वर, कोणती खाली एवढं बघण्यापुरती. एका गाडीचा दावा आणि दुसऱ्या गाडीचा कोणाचा तरी अनुभव शेजारी ठेवणं म्हणजे निव्वळ फसगत. समृद्धीवरचे आकडे सांगणाऱ्यांना तर मी पहिलं विचारतो की किती वेगाने गेलात. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ९० ऐवजी १२० ने गेलात की तो पावणेदोन पटीच्या वर जातो. त्याच रस्त्यावर एक जण ऐंशीने गेलेला आणि दुसरा एकशेवीसने, तर त्या दोन आकड्यांवरून गाड्यांबद्दल काहीच कळत नाही.

दुसरी चूक मला जास्त त्रास देते, कारण तिच्यामागे निव्वळ घाई असते. पाचशेचं पेट्रोल टाकायचं आणि रिझर्व्हचा दिवा लागल्यापासून पुन्हा लागेपर्यंतचे किलोमीटर मोजायचे. मेहुण्याने त्याच्या जुन्या गाडीवर कायम हेच केलं होतं. तो दिवा टाकीतल्या तरंगणाऱ्या दांड्यावर चालतो. चढावर, वळणावर, पेट्रोल हिंदकळलं की तो लवकर किंवा उशिरा लागतो, आणि एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो. आता हिशोब बघा. तुम्ही पाच लिटर टाकलेत आणि गाडी ७० किलोमीटर गेली, म्हणजे १४. पण प्रत्यक्षात चारच लिटर जळलं असेल तर तो आकडा १७.५ होतो, आणि सहा जळलं असेल तर ११.७. एकच गाडी, एकच रस्ता, आणि उत्तर ११.७ पासून १७.५ पर्यंत कुठेही. अशा मोजणीवर दोन सारख्या गाड्यांमधला अर्ध्या किलोमीटरचा फरक कसा सापडणार?

टाकी फुल करून मोजलं तरी चूक उरतेच. नोझल आपोआप कट होतं ते प्रत्येक वेळी एकाच पातळीला होत नाही. अर्धा-पाऊण लिटर इकडेतिकडे होतं. तीस लिटरच्या एका टाकीत पाऊण लिटर म्हणजे अडीच टक्के. आमच्या दोन गाड्यांमधला फरक चार टक्क्यांचा होता, म्हणजे एका टाकीवर निकाल द्यायचा तर तो फार जेमतेम आधारावर. यावर माझा उपाय एकच: तीन टाक्या. प्रत्येक टाकीचं वेगळं ॲव्हरेज काढत बसायचं नाही. पहिल्या फुलला ओडोमीटर लिहायचं, मधल्या फुलला फक्त लिटर लिहायचे, आणि शेवटच्या फुलला पुन्हा ओडोमीटर. पहिल्यांदा भरलेलं पेट्रोल हिशोबात धरायचं नाही, नंतरचे सगळे लिटर बेरजेत. मधल्या टाकीत पाऊण लिटर कमी पडलं असेल तर ते पुढच्या टाकीत जास्त पडतं आणि बेरजेत मिटून जातं. चूक उरते ती फक्त दोन टोकांची. नव्वद लिटरवर तेवढीच चूक एका टक्क्याच्या आत येते.

माझी सवय अशी: एकच पंप, एकच नोझल, गाडी दरवेळी त्याच दिशेने उभी, कारण पंपाची जमीन उताराची असते. पहिला कट बसला की बस. मुलगा "साहेब, राऊंड फिगर करून देऊ का?" म्हणतो, त्याला नाही म्हणायचं. कट बसल्यावर ठासून भरलेलं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जाऊ शकतं, तो खराब होतो आणि मोजणीही बिघडते.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर तुलना करू नका. माझ्या गाडीत तो १३.९ दाखवतो तेव्हा खरं ॲव्हरेज १२.८ असतं. दुसऱ्या कंपनीचा आकडा वेगळ्या प्रमाणात चुकतो, मग दोन स्क्रीन शेजारी ठेवून काय मिळणार?

शहर आणि हायवे यांची साधी सरासरी काढू नका. माझ्या गाडीने ६०० किलोमीटर शहरात १२.८ ने आणि ६०० हायवेला १८.६ ने केले तर सरासरी १५.७ येत नाही. लिटर जोडले की ७९ होतात आणि १,२०० भागिले ७९ म्हणजे १५.२. हा अर्ध्याचा फरक आमच्या दोन गाड्यांच्या शहरातल्या फरकाएवढाच आहे. म्हणून नेहमी एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर.

पाच-सहा वर्षांपूर्वीचा आकडा आजच्या गाडीशी जोडू नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते.

टायर मोठे टाकले असतील तर ओडोमीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं. १८५/६५ ऐवजी त्याच रिमवर १९५/६५ टाकलं तर आकडा सुमारे दोन टक्क्यांनी कमी येतो.

मेहुण्याने शेवटी स्वस्तवाली घेतली. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता, दुसरी टाकी फुल झाली म्हणून. आकडा सांगायला लागला तर मी म्हटलं, तिसरी होऊ दे.