शॅडो मॅपमधील पट्टे आणि वस्तूपासून सुटलेली सावली: बायस मोजून कसा ठरवावा

रिअल-टाइम दृश्यात शॅडो मॅप, म्हणजे प्रकाशाच्या नजरेतून दिसणाऱ्या पृष्ठभागांची खोली साठवणारे चित्र, पहिल्यांदा चालू केला, की प्रकाशात असलेल्या जमिनीवरही काळ्या पट्ट्यांची जाळी उमटते. हा दोष शॅडो ॲक्ने म्हणून ओळखला जातो. तो घालवण्यासाठी बायस, म्हणजे साठवलेल्या खोलीशी तुलना करताना दिलेली सूट, वाढवावा, तर पट्टे जातात, पण सावली वस्तूच्या पायथ्यापासून सुटते आणि वस्तू तरंगत असल्याचा भास होतो. याला पीटर-पॅनिंग म्हणतात. बहुतेक जण या दोन टोकांच्या मध्ये एखादा आकडा चाचपडत शोधतात, परंतु हा आकडा दृश्याच्या मापांवरून काढता येतो आणि तो तसाच काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. येथे सूर्यासारख्या समांतर किरणांच्या प्रकाशाचे उदाहरण घेऊ, कारण त्यात शॅडो मॅपमधील खोली अंतराच्या सरळ प्रमाणात बदलते आणि हिशोब सोपा राहतो.

प्रथम पट्टे का पडतात ते पाहू. शॅडो मॅपच्या प्रत्येक टेक्सेलमध्ये, म्हणजे एकेका चौकोनी घरात, खोलीचा एकच आकडा साठवलेला असतो आणि तो टेक्सेलच्या मध्यबिंदूचा असतो. पृष्ठभाग प्रकाशाच्या दिशेशी तिरका असेल, तर त्याच टेक्सेलमध्ये येणारे काही बिंदू प्रकाशाला साठवलेल्या खोलीपेक्षा जवळ असतात, तर काही दूर. म्हणजे प्रकाशाच्या नजरेतून सपाट जमीन जिन्याच्या पायऱ्यांसारखी साठवली जाते. जे बिंदू पायरीच्या मागे पडतात, ते स्वतःच्याच पृष्ठभागाच्या सावलीत असल्याचे ठरते. ही चूक किती मोठी असू शकते, हे दोनच गोष्टींवर अवलंबून असते: टेक्सेलची जगातील रुंदी, आणि पृष्ठभागाचा नॉर्मल व प्रकाशाची दिशा यांमधील कोन. सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्धा टेक्सेल गुणिले त्या कोनाचा टॅन्जंट.

आता आकडे घालू. प्रकाशाच्या कॅमेऱ्याची चौकट ४० मीटर रुंद, शॅडो मॅप २०४८ × २०४८, निअर आणि फार प्रतलांमध्ये १०० मीटर अंतर आणि सूर्य क्षितिजापासून ३० अंश वर आहे, असे धरा. एका टेक्सेलची रुंदी ४० भागिले २०४८, म्हणजे सुमारे १.९५ सेंटिमीटर होते. जमिनीचा नॉर्मल आणि प्रकाश यांमधील कोन ६० अंश असल्याने टॅन्जंट १.७३ येतो आणि खोलीतील सर्वांत मोठी चूक सुमारे १.७ सेंटिमीटर ठरते. पृष्ठभागाचा उतार टेक्सेलच्या कर्णाच्या दिशेने असेल, तर ती १.४ पट होते. या जमिनीला लागणारा बायस एवढाच आहे.

याउलट, अनेक ठिकाणांहून जशीच्या तशी उचलली जाणारी ०.००५ ही किंमत तपासून पाहा. ती शून्य ते एक या खोलीच्या मापात असते. १०० मीटरच्या पल्ल्यात तिचा अर्थ ५० सेंटिमीटर होतो, म्हणजे गरजेच्या जवळजवळ तीसपट. याच दृश्यात जमिनीवर १० सेंटिमीटर जाडीची उंच भिंत सूर्याकडे तोंड करून उभी असेल, तर तिच्या मागच्या बाजूला सावली पायथ्यापासून सुमारे ३३ सेंटिमीटर दूर सुरू होईल, कारण तेथपर्यंत किरणावरचे भिंतीचे अंतर ५० सेंटिमीटरपेक्षा कमी भरते. १० सेंटिमीटर उंचीच्या पेटीची तर जमिनीवरची सावलीच नाहीशी होईल. मात्र बायस काही सेंटिमीटरच असेल, तर त्या भिंतीची सावली पायथ्याला चिकटून राहील. यासाठी बायस नेहमी मीटरमध्ये ठरवावा आणि अगदी शेवटी पल्ल्याने भागावा.

दुरुस्तीची सुरुवात बायसने न करता टेक्सेल लहान करण्याने करावी. जेथे सावली खरोखर दिसणार आहे, तेवढ्याच भागावर प्रकाशाची चौकट बसवावी. ४० मीटरऐवजी २० मीटर पुरत असतील, तर चूक आपोआप निम्मी होते आणि त्यासाठी स्मृती जास्त लागत नाही. हाच परिणाम रिझोल्यूशन ४०९६ करूनही मिळतो, पण ३२ बिटांच्या खोलीला १६ मेगाबाइटऐवजी ६४ मेगाबाइट लागतात.

त्यानंतर तिरकेपणाची भरपाई करावी. शॅडो मॅप काढताना `glPolygonOffset` चा पहिला घटक उतारानुसार बायस वाढवतो आणि साध्या दृश्यांत तो पुरतो. पण प्रकाश पृष्ठभागाला घासून जाऊ लागला, की टॅन्जंट बेसुमार वाढतो: ८५ अंशांवर आपल्या उदाहरणातील चूक ११ सेंटिमीटरवर जाते आणि बायसला कमाल मर्यादा घालावी लागते. म्हणून मी नॉर्मलच्या दिशेने बिंदू सरकवण्याची पद्धत पसंत करतो. शॅडो मॅपमध्ये शोध घेण्यापूर्वी बिंदू त्याच्या नॉर्मलच्या दिशेने अर्धा टेक्सेल गुणिले कोनाचा साइन इतका उचलला, की तोच परिणाम साधतो. आणि साइन एकच्या पुढे जात नसल्याने हे सरकणे अर्ध्या टेक्सेलपेक्षा कधीच मोठे होत नाही.

```glsl
float c = clamp(dot(N, L), 0.0, 1.0);
float s = sqrt(1.0 - c * c);
float texel = 40.0 / 2048.0;
vec3 p = worldPos + N * (texel * radius * s);
```

येथे `L` ही बिंदूपासून प्रकाशाकडे जाणारी दिशा आहे आणि `N` हा त्रिकोणांच्या जाळीचा नॉर्मल असावा. नॉर्मल मॅपमधून आलेला नॉर्मल वापरल्यास बिंदू भलत्याच दिशेला सरकतो. `radius` एका नमुन्यासाठी ०.५ धरावा. ३ × ३ नमुन्यांचे पीसीएफ, म्हणजे शेजारच्या टेक्सेलांच्या निकालांची सरासरी काढून सावलीची कडा मऊ करण्याची पद्धत, वापरत असाल, तर शोध शेजारच्या टेक्सेलपर्यंत जातो, म्हणून तो १.५ करावा, कर्णाची शक्यता धरायची असल्यास दोन्ही किमती १.४ ने गुणाव्यात. कडा मऊ केल्यावर गेलेले पट्टे परत येतात, त्याचे कारण बहुधा हेच असते. कॅमेऱ्यापासूनच्या अंतरानुसार वेगवेगळे शॅडो मॅप, म्हणजे कॅस्केड, वापरत असल्यास `texel` प्रत्येक कॅस्केडसाठी वेगळा काढावा.

खोलीच्या अंकांची अचूकता मर्यादित असल्याने थोडा स्थिर बायसही लागतो. १६ बिटांत १०० मीटरची एक पायरी सुमारे १.५ मिलिमीटरची असते, म्हणून ३ मिलिमीटर, अर्थात ०.००००३, ही वाजवी सुरुवात आहे.

शॅडो मॅप काढताना वस्तूंच्या पुढच्या बाजू वगळून फक्त मागच्या बाजू साठवण्याचा सल्लाही वारंवार दिला जातो. त्याने प्रकाशातल्या बाजूंवरचे पट्टे जातात हे खरे, पण मागची बाजू जमिनीला जेथे टेकते, तेथे किरणावरचे अंतर शून्यापासून सुरू होते, त्यामुळे १.७ सेंटिमीटरचा बायससुद्धा आपल्या भिंतीच्या पायथ्याशी सुमारे १.५ सेंटिमीटरची फट पाडतो. शिवाय पान किंवा कापड यांसारख्या, प्रकाशाकडे फक्त पुढची बाजू असलेल्या जाळ्यांची सावलीच पडत नाही. वस्तू बंद आणि जाड असतील, तरच हा मार्ग घ्यावा.

शेवटी तपासणी. सर्व बायस शून्य करा: पट्टे आले पाहिजेत आणि सावली पायथ्याला चिकटली पाहिजे. तरीही फट दिसत असेल, तर मॉडेलच जमिनीपासून वर ठेवलेले असण्याची शक्यता प्रथम पाहावी. मग मोजलेल्या किमती परत घाला आणि सूर्य क्षितिजाकडे हळूहळू उतरवा. जमीन स्वच्छ राहिली, पण गोल वस्तूंवर उजेड-अंधाराच्या सीमेजवळ त्रिकोणांच्या आकाराचे डाग उरले, तर तो जाळीच्या खडबडीतपणाचा परिणाम आहे आणि त्यासाठी बायस न वाढवता त्या वस्तूचे त्रिकोण वाढवावेत.