गीझरचा दिवा लवकर विझतो? थर्मोस्टॅट बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावरच्या काकूंची तक्रार अशी होती की गीझर चालू केला की सात मिनिटांत लाल दिवा विझतो, पण पाणी मात्र कोमटच. मेकॅनिकने वर्षभरात दोनदा थर्मोस्टॅट बदलून दिला होता. दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवस बरं चाललं आणि मग पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बदलायच्या आधी त्यांनी मला हाक मारली.

उघडण्याआधी मी एक गणित केलं, ते कुणालाही करता येईल. गीझर 15 लिटरचा, 2 किलोवॅटचा. टाकीतलं 27 अंशांचं पाणी 60 अंशांवर न्यायला साधारण 17 मिनिटं लागायला हवीत. सात मिनिटांत ते 40 अंशांच्या आसपासच पोचणार, म्हणजे काकू म्हणत होत्या तसं कोमट. तेव्हा कॉइल नीट तापत होती. थर्मोस्टॅटच वेळेआधी वीज तोडत होता. नळ उघडला नसतानाही दिवा दोन-तीन मिनिटांनी परत लागायचा आणि लगेच विझायचा, ही खूण तर पक्कीच.

खालची फ्लँज, म्हणजे बोल्टने बसवलेलं टाकीचं धातूचं झाकण, काढली तेव्हा कारण दिसलं. कॉइल आणि थर्मोस्टॅट जिच्यात सरकवतात ती नळी एकाच फ्लँजवर, बोटभर अंतरावर असतात. मधली जागा खडूसारख्या पांढऱ्या थराने भरून गेली होती. कॉइलची उष्णता पाण्यात जायच्या आधी त्या थरातून थेट नळीकडे जात होती. थर्मोस्टॅटला वाटायचं, पाणी तापलं. नवा बसवला तरी नळी तीच आणि थरही तोच, म्हणून दुरुस्ती टिकत नव्हती. मधले बरे दिवस बहुधा नळी हलवताना सैल झालेल्या थराने दिले असावेत.

इथे पहिली चूक: थर बसला की वीजबिल भरमसाठ वाढतं, असं धरून चालणं. त्यासाठी दिले जाणारे आकडे बॉयलरचे असतात. तिथे आग बाहेर असते, थर आडवा आला की उष्णता धुराड्यातून निघून जाते. गॅस गीझरचंही तसंच. विजेच्या गीझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिने खाल्लेली वीज शेवटी पाण्यातच उतरते. नुकसान वेगळ्या ठिकाणी होतं. थराखाली कॉइलचं आवरण गरजेपेक्षा कितीतरी जास्त तापतं आणि लवकर फुटतं. शिवाय थर्मोस्टॅट सारखा चालू-बंद होत राहिल्याने पाणी तापायला दुप्पट-तिप्पट वेळ लागतो, गीझर तासभर चालू राहतो आणि टाकीतून उष्णता निघून जात राहते. बिलात दिसते ती मुख्यतः ही गळती.

दुसरी चूक मुंबईची खास आहे: महापालिकेच्या पाण्याला दोष देणं. भातसा, तानसा, वैतरणेवरची धरणं, विहार, तुळशी, सगळं पावसाचं साठवलेलं पाणी. ते मुळात मऊ असतं. आमच्याकडे थर येतो तो बोअरच्या आणि टँकरच्या पाण्यातून, जे तळटाकीत पालिकेच्या पाण्यात मिसळतं. एप्रिल-मे मध्ये टँकर वाढले की थरही वेगाने वाढतो. म्हणून पाणी तपासायचं तर बाथरूमच्या नळाचं तपासा, स्वयंपाकघरातल्या थेट लाइनचं नव्हे. आणि टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळे क्षार मोजतो, त्यात साधं मीठही आलं. हवी ती कठीणपणा मोजणारी पट्टी. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे. तुमची पट्टी त्याच्या वर रंग दाखवत असेल तर वर्षातून एकदा फ्लँज उघडायलाच हवी.

पाणी कोमट येतं म्हणून नॉब 75 वर नेणं ही तिसरी, आणि बहुतेक घरांत हीच होते. पाण्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर मोडतं आणि न विरघळणारा चुना खाली बसतो. पाणी जितकं गरम तितका थर जाड. नॉब 55च्या आसपास ठेवा. 50च्या खाली मात्र नको, कोमट साठलेल्या पाण्यात जंतू वाढतात.

आता साफसफाई. आधी एमसीबी खाली करा आणि प्लगही काढा. पाणी थंड होऊ द्या. नुसता गरम पाण्याचा नळ उघडून टाकी रिकामी होत नाही, कारण ती पाइप टाकीच्या माथ्यावरून पाणी घेते. अँगल कॉक बंद करायचा, गरम नळ हवेसाठी उघडा ठेवायचा आणि थंड पाण्याच्या बाजूचा जोड सोडून बादली लावायची. त्या जोडावर सेफ्टी व्हॉल्व्ह असेल तर तोही काढा, त्यातला एकमार्गी पडदा पाणी अडवतो. वायरिंगचा अंदाज नसेल तर इथपासून इलेक्ट्रिशियनला द्या, पण कॉइल तुमच्यासमोर साफ करून घ्या.

कारण पुढची चूक तोच करतो: स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी. कॉइलच्या आवरणाला ओरखडा पडला की तिथूनच छिद्र पडतं, मग गीझर लावताच आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, पडतो. (तो पडतो म्हणून बायपास करणाऱ्याला घरात घेऊ नये.) टाकीला आतून काचेसारखा लेप असेल तर ठोकल्याने तो तडकतो. संडास धुण्याचं ॲसिडही नको, ते थराबरोबर धातू खातं.

किराणा दुकानात ढोकळ्यासाठी लिंबू फूल मिळतं, ते म्हणजे सायट्रिक ॲसिड. लिटरभर गरम पाण्यात साधारण 60 ग्रॅम घ्या. कॉइल उलटी धरून फक्त धातूचा भाग बुडवा, टर्मिनल कोरडे राहिले पाहिजेत. फेस येईल. फेस थांबला आणि थर शिल्लक असेल तर ॲसिड संपलंय, कॉइल साफ झालेली नाही, पाणी बदला. 100 ग्रॅम चुना विरघळवायला जवळपास 130 ग्रॅम लागतं. काकूंच्या कॉइलला तीन वेळा बदलावं लागलं, एकूण पाऊण तास. उरलेलं नायलॉनच्या ब्रशने निघालं. टाकीच्या तळातूनही ओंजळभर कणी निघाली.

फ्लँजवरचा मॅग्नेशियमचा दांडा त्याच वेळी बघा. तो गंजून टाकीला वाचवतो. आतली तार दिसत असेल तर बदला. रबरी गॅस्केट नवीच घाला. आणि टाकी भरून गरम नळातून सलग धार येईपर्यंत वीज लावू नका, कोरडी कॉइल काही मिनिटांतच जाते.

त्या दिवशी काकूंचा दिवा 16 मिनिटांनी विझला. जुनाच थर्मोस्टॅट. त्यांनी पाण्याच्या जोडावर पॉलिफॉस्फेटची छोटी कुपी लावली. ती पाणी मऊ करत नाही, चुन्याला फक्त चिकटू देत नाही, आणि आतले खडे संपले की काहीच करत नाही. अकरा महिन्यांनी फ्लँज उघडली तेव्हा कॉइलवर पातळ पांढरी साय होती, नळी मात्र मोकळी.