शिरोलीच्या नकाशावर जुन्या वेबसाईट शोधताना

वेबसाईट करून देण्याचं काम नव्यानं सुरू करणारी मुलं विचारतात, गिऱ्हाईक शोधायचं कुठं? बहुतेक जण कोल्हापुरातल्या महाद्वार रोडची दुकानं नाहीतर राजारामपुरीतली हॉटेलं धरतात. तिथं आधीच प्रत्येकाला आठवड्याला कुणी ना कुणी 'पेज सांभाळतो' म्हणून फोन करत असतं. माझा अनुभव असा की शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि शिवाजी उद्यमनगर इथल्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप हे जास्त चांगलं रान आहे. यांचा माल पुण्याला, बेळगावला, बाहेर देशातही जातो. त्यामुळं यांची साईट उघडून बघणारा माणूस खरेदी खात्यातला असतो आणि तो कोल्हापुरात राहत नाही.

गुगल मॅपवर नुसतं `foundry Kolhapur` टाकलं तर यादी एका ठिकाणी संपते. साधारण सव्वाशेच्या आतच ती थांबते आणि वर तीच ती ठळक नावं येतात. म्हणून नकाशा मोठा करून शिरोलीचा एकच तुकडा पडद्यावर घ्यायचा, 'या भागात शोधा' दाबायचं, मग नकाशा शेजारी सरकवून पुन्हा तेच करायचं. शब्दही बदलायचे: `casting`, `pattern maker`, `VMC machining`, `CNC job work`. मालकानं लिस्टिंगला जो वर्ग निवडलाय त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. चांगली फाउंड्री नुसती 'मॅन्युफॅक्चरर' म्हणून नोंदलेली मी कितीदा बघितली आहे. हे सगळं हातानंच करा. आपोआप ओरबाडून घेणारी साधनं गुगलच्या अटींत बसत नाहीत, आणि तशी आलेली हजार नावं वाचतंय कोण?

प्रत्येक नावापुढं वेबसाईटचं बटण दाबून बघायचं. बटणच नसेल तर नवख्याला वाटतं, हेच पहिलं गिऱ्हाईक. माझं मत उलटं आहे. एकाच मोठ्या कारखान्याचं जॉबवर्क करणाऱ्या शॉपला साईटची गरजच नसते, काम दारात येतं. ज्यानं एकदा पैसे घालून साईट केली आणि नंतर ती वाऱ्यावर सोडली, त्याच्याशी बोलणं सोपं जातं, कारण साईट कशाला हवी हे त्याला पटवावं लागत नाही.

बंद लिंकचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. पत्त्यात `business.site` दिसलं तर ती गुगलनं फुकट दिलेली साईट होती. मार्च 2024 मध्ये गुगलनं त्या सगळ्या बंद केल्या, जूनपर्यंत त्या लिंकवरून माणूस मॅपच्या प्रोफाइलवर जायचा, आता काहीच उघडत नाही. बऱ्याच मालकांना याचा पत्ताच नसतो. `This Account Has Been Suspended` असं आलं तर बहुतेक वेळा होस्टिंगचे पैसे थकलेत, पण डोमेन बहुधा अजून त्यांचंच आहे. `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN` आलं तर आधी लिस्टिंगमध्ये पत्ता लिहिताना चूक झाली नाही ना ते तपासा. पत्ता बरोबर असेल तर बहुतेक वेळा डोमेनच संपलेलं असतं. आणि कधीकधी लिंक भलत्याच जुगाराच्या पानावर जाते. तिथं एकतर संपलेलं डोमेन दुसऱ्या कुणी घेतलंय, नाहीतर साईट हॅक झाली आहे. हे मोबाईलवरूनही बघा, काही हॅक झालेल्या साईट फक्त मोबाईलवाल्यालाच दुसरीकडं पळवतात.

उघडणाऱ्या साईटचं वय ओळखायला तळाचं साल उपयोगाचं नाही. ते बऱ्याचदा दर जानेवारीला आपोआप बदलतं. शिरोलीतल्या एका मध्यम फाउंड्रीचं उदाहरण घ्या. तळाला चालू साल, चित्रं स्वच्छ. पण संपर्काच्या पानावर व्हॅटचा टिन नंबर आणि एक्साइजचा नंबर होता, म्हणजे ते पान जुलै 2017 च्या, जीएसटीच्या आधीचं. गुणवत्तेच्या पानावर `ISO 9001:2008` चं सर्टिफिकेट झळकत होतं. त्या आवृत्तीची सर्टिफिकेटं सप्टेंबर 2018 नंतर चालत नाहीत. नवा पुरवठादार तपासणारा खरेदी अधिकारी आधी हेच बघतो आणि इथंच पान बंद करतो. साईट दिसायला जुनी आहे असं सांगितलं तर मालक हसतो. सर्टिफिकेट बाद दिसतंय म्हटल्यावर तो खुर्ची पुढं ओढतो.

आता ही फाउंड्री चालू आहे का? कारखान्यांच्या लिस्टिंगवर रिव्ह्यू ट्रकवाल्यांचे आणि नोकरी शोधणाऱ्यांचे असतात, त्यावरून फार कळत नाही. मी दोन गोष्टी बघतो. इंडियामार्टच्या पानावर बहुतेक वेळा जीएसटी नंबर मिळतो. तो जीएसटी पोर्टलच्या करदाता शोधात टाकला की नोंदणी चालू आहे का आणि रिटर्न कधीपर्यंत भरलेत ते दिसतं. दुसरं म्हणजे फेसबुक पेज. वर्षभर शुकशुकाट आणि खंडेनवमीला मशीनच्या पूजेचा एक फोटो, अशी पेजेस इकडं पुष्कळ. यंदाच्या पूजेचा फोटो असेल तर भट्टी पेटती आहे. पण असं पेज ओस पडलंय म्हणून फाउंड्रीवाल्याला सोशल मीडियाचं पॅकेज विकायला जाऊ नका. त्याचं गिऱ्हाईक फेसबुकवर कास्टिंग शोधत नाही. मंगल कार्यालयाचं पेज तसं पडलेलं असेल तर गोष्ट वेगळी, तिथं लोक हॉलचे फोटो बघूनच फोन करतात.

या फाउंड्रीत आणखी एक गोष्ट निघाली. साईटवर `info@` नं सुरू होणारा स्वतःच्या डोमेनचा ईमेल होता. मेल तिथं पोचतं का हे कळायला एक ओळ पुरते:

```
nslookup -type=mx example.com
```

`example.com` च्या जागी त्यांचं डोमेन घालायचं. उत्तरात मेल सर्व्हरचं नाव आलं नाही, तर त्या पत्त्यावर पाठवलेली चौकशी बहुतेक परत जाते. इथं नाव आलं नाही. पण एवढ्यावर छातीठोकपणे बोलायचं नाही. मी त्या पत्त्यावर साधं मेल पाठवून बघितलं, ते न पोचताच परत आलं. खोटी ऑर्डर विचारणारं मेल मात्र कधी पाठवू नये, पुढं त्याच माणसासमोर बसायचं असतं.

फोनवर मी एवढंच बोललो, "साहेब, तुमच्या साईटवरच्या ईमेलवर पाठवलेलं मेल परत येतंय. स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर टाकू का?" पलीकडून उत्तर आलं, "साईट हाय की आमची, भाच्यानं केलीया. मेल कुठलं बघतोय आम्ही, सगळं व्हॉट्सॲपवरच चालतंय. पण टाका बघू."

दर सांगायच्या आधी डोमेन कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे ते विचारायचं. इथं ते भाच्याच्या जुन्या ईमेलवर होतं आणि भाचा पुण्यात नोकरीला. ते हातात आल्याशिवाय काहीच हलत नाही, म्हणून भाच्याला फोन लावून द्या हीच पहिली मागणी. मॅपच्या प्रोफाइलचंही तसंच. लिस्टिंगवर 'या व्यवसायाचा दावा करा' दिसत असलं तरी आपण आपल्या अकाउंटवरून दावा करायचा नाही. मालकाच्या अकाउंटवरून करायचा आणि आपल्याला मॅनेजर म्हणून जोडून घ्यायचं.

शेवटी काम ठरलं ते नव्या साईटचं नव्हतंच. आधी ईमेल चालू करून दिला, चालू सर्टिफिकेट चढवलं, टिन आणि एक्साइजचे नंबर काढून जीएसटी नंबर घातला. मग एक पान वाढवलं: भट्टीची क्षमता, कास्टिंगचं कमीत कमी आणि जास्तीत जास्त वजन, कुठल्या ग्रेडचं लोखंड ओततात, मशिनिंग आत होतं की बाहेर. ही माहिती मालकाकडून निघायला साईट करण्यापेक्षा जास्त वेळ गेला, तेव्हा दर लावताना ते धरून ठेवा.