सोसायटीच्या मीटिंगचा मसुदा फिरवला आणि कोणीतरी म्हणालं "मी असं बोललोच नाही": या चुका टाळा

आमच्या सोसायटीत सभेनंतर मसुदा ग्रुपवर टाकला, त्यात मुद्दा 4 असा होता: टेरेसचं वॉटरप्रूफिंग करायचं, प्रत्येक फ्लॅटने 8 हजार द्यायचे. दोन दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, अहो मी तीन कोटेशन आल्यावर मगच असं म्हणालो होतो. सेक्रेटरीने काय केलं, गुपचूप ती ओळ बदलून `AGM_minutes_final.pdf` याच नावाने फाईल परत टाकली. मग निम्म्या लोकांकडे जुनी, निम्म्यांकडे नवी, आणि तोवर दोघांनी पैसेसुद्धा भरले होते!

पहिली चूक हीच, जुन्यावर नवं चढवणं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मेसेज 15 मिनिटांत एडिट करता येतो, पण खाली नुसतं "एडिटेड" दिसतं, आधी काय होतं ते कोणाला कळत नाही, म्हणून इतिवृत्ताच्या बाबतीत एडिट बटणाला हातच लावू नका. जुनी फाईल राहू दे, नवीन फाईलला `v2` लावा आणि अगदी वर चार ओळी टाका:

"आवृत्ती 2, 14 जून. मुद्दा 4 बदलला. आधी: प्रत्येकी 8 हजार द्यायचे ठरले. आता: तीन कोटेशन आल्यावर प्रत्येकी 8 हजारांपर्यंत द्यायचे ठरले. कारण: 9 जूनला हरकत आली, सभेतल्या वहीशी ताडून पाहिलं. बाकी मजकूर तोच."

दुसरी चूक म्हणजे हरकत आली की लगेच मान डोलावणं, किंवा उलट, "झालं ते झालं" म्हणून झटकून टाकणं. आधी बघा की हरकत नक्की कसली आहे. लिहिताना चूक झाली असेल तर सभेतल्या कच्च्या नोंदी काढा (त्यावर खाडाखोड मात्र अजिबात करू नका), आणि त्या ठरावाच्या सूचकाला आणि अनुमोदकाला वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून विचारलं की एक दुसऱ्याच्या हो ला हो करतो. दोघांचं आणि वहीचं जुळलं तर दुरुस्ती करा. जुळलंच नाही तर मजकूर तसाच ठेवून खाली लिहा, "फ्लॅट अमुक यांची हरकत: अट घातली होती. नोंदीत अट आढळली नाही."

पण काही वेळा माणसाला घरी गेल्यावर निर्णयच पटेनासा होतो आणि तो "दुरुस्ती" म्हणून येतो. ही दुरुस्ती नाहीच, पुढच्या सभेचा विषय आहे, तसं त्यांना सरळ सांगा.

आणि हो, मुदत आधीच लिहा. आदर्श उपविधीत मसुदा फिरवल्यापासून 15 दिवसांत हरकती सेक्रेटरीला कळवायची सोय आहे. जिन्यात भेटून सांगितलेलं धरू नका, त्यांनाच म्हणा, काका दोन ओळी मेल करा ना. आमच्या काकांनी केला, म्हणून वर 9 जून ही तारीख आली.